हात किती मोठा?

शुक्रवार, २१ मार्च, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. शीतलचा निबंध सायंकाळी पाचपर्यंत जमा करायचा होता आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा संशयास्पद असल्याचे आम्हा दोघींना नुकतेच कळले होते. तो आकडा मीच काढून दिला होता.

मी नागपुरातील एका खासगी चित्रकला महाविद्यालयात लेखनकक्ष चालवते. माझे शिक्षण एम.एस्सी. फिजिक्सचे. निबंधातील विधानाला चित्रात पुरावा आहे की नाही, एवढेच मी तपासते. शीतल शेवटच्या वर्षाला होती. नरखेडजवळच्या गावची, संत्र्याच्या बागायतदारांची मुलगी. मुद्राचित्रणाच्या, म्हणजे प्रिंटमेकिंगच्या, मास्टर्सला तिची तात्पुरती निवड झाली होती. हा निबंध नापास झाला, तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हते आणि ती जागा जाणार होती. पहिला प्रयत्न परत आला होता. दुसरा हा शेवटचा.

पहिल्या प्रयत्नातले मुख्य वाक्य असे होते : ‘स्त्रीचे रूप विद्रूप केले असून त्यातून चित्रकाराच्या मनातील वेदना प्रभावीपणे व्यक्त होते.’ आमचे विभागप्रमुख देशकर सर यांनी ‘विद्रूप’भोवती पेन्सिलने वर्तुळ काढून लिहिले होते, ‘कुठे? किती? कशाच्या तुलनेत?’ सरांची एक सवय साऱ्या कॉलेजला ठाऊक आहे. ते निबंध घरी वाचत नाहीत. चित्रासमोर उभे राहून वाचतात.

चित्र धंतोलीतील एका हॉस्पिटलच्या लॉबीत आहे. तैलरंगातील प्रतीक्षाकक्ष. बाकावर एक बाई, गुडघ्यांवरून लोंबणारे हात, शेजारी स्टीलचा डबा, मागे ऑपरेशन थिएटरचे दार. शैली अभिव्यक्तिवादी. म्हणजे डोळ्यांना जसे दिसते तसे चित्रकार रंगवत नाही. आतली भावना आकाराला ओढते, ताणते, वाकवते, रंगही बदलते. या बदलाला विरूपण म्हणतात.

विरूपणाचे वर्णन करायचे, तर आधी मूळ मोजमाप हवे. हे शीतलला मी एका सोप्या प्रयोगाने दाखवले होते. तळहाताचा मनगटाजवळचा भाग हनुवटीवर ठेवा. मधले बोट साधारण केसांच्या रेषेपर्यंत पोहोचते. म्हणजे मनगटापुढचा हात आणि चेहरा यांची लांबी जवळपास सारखी. चित्राचा मोबाइलवर काढलेला फोटो मी संगणकावर मोजला. हात चेहऱ्याच्या दुप्पट होता, नेमका २.० पट. मला फार आनंद झाला. अखेर कलेच्या निबंधात दशांश चिन्ह आले होते.

त्या सकाळी शीतल शेवटचा मसुदा घेऊन आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

“मॅडम, डब्याचं काही जमून नाही राहिलं.”

“का?”

“फोटोत डबा वर निमुळता दिसते. म्हणून मी लिहिलं, डबाही विरूपित. पण मी तिथं बसून स्केच केलं होतं तवा तो सरळ होता. माह्या घरी तसाच डबा हाय. मले तो पाठ हाय.”

मी फोटो पुन्हा उघडला. डब्यावर वाद घालण्याऐवजी चित्राची लाकडी फ्रेम मोजली. खालच्या कडेपेक्षा वरची कड आखूड होती. भागाकार ०.८०. हॉस्पिटलच्या मालकाने समलंब चौकोनी फ्रेम बनवून घेतली असण्याची शक्यता मी तपासण्यायोग्य मानली नाही.

कारण साधे होते. चित्र नोंदणी काउंटरच्या वर, बरेच उंच टांगलेले आहे. मी खाली उभी राहून मोबाइल वर तिरका केला होता. कॅमेऱ्यापासून लांबचा भाग लहान येतो. बाईचा चेहरा वर, हात खाली. म्हणजे चेहरा मी लहान केला होता आणि हात तुलनेने मोठे. चित्रकाराच्या भावनेत माझ्या मनगटाचा कोन मिसळला होता.

“आता काय करायचं?” शीतलने विचारले. “सर तर तिथंच उभं राहून वाचतीन.”

“फोटो परत काढायचा. समोरासमोर.”

“तेवढ्या उंचावर? शिडी घेऊन?”

तिच्या स्कूटरवरून आम्ही साडेअकराला लॉबीत पोहोचलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारले, “पेशंटचं नाव?”

“पेशंट नाही, पेंटिंग,” मी म्हणाले.

त्यांनी आता मान वर केली. “कोणत्या डॉक्टरचं?”

शीतलने भिंतीकडे बोट दाखवले. बाई वळल्या. बहुधा बऱ्याच दिवसांनी त्यांनी ते चित्र पाहिले. “काहून वं, तिचे हात एवढे मोठे काहून काढले?”

“तेच लिहायचं हाय, काकू. पण आधी किती मोठे ते पाहा लागते.”

“मंग पहा. पण लाइनीत उभ्या नका राहू. लोक टोकन मागतीन.”

समोरच्या जिन्याचा मधला टप्पा जवळपास चित्राच्याच उंचीवर होता. तिथून, लांबून, झूम करून, मोबाइल भिंतीला समांतर धरून फोटो घेतला. फ्रेमचे चारही कोन काटकोन आले. डबा सरळ झाला. हात चेहऱ्याच्या १.६ पट निघाला. दुप्पट नव्हे. तरीही पुरेसा मोठा.

“म्हणजे माहा मुद्दा पडला,” शीतल पायरीवर बसत म्हणाली. “डबा तर एकदम बरोबर हाय.”

“म्हणूनच मुद्दा उभा राहतो. ज्याला डबा अचूक काढता येतो, त्याला हातही अचूक काढता येत होता.”

ती काही वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग विचारात मला मागे टाकून पुढे गेली. “आणि दारही वाकडं हाय. दाराची चौकट बाईकडं झुकली. जमीन वर उचलल्यासारखी हाय, बाक घसरते का काय असं वाटते. चेहऱ्याच्या सावलीत हिरवा. पण डब्यात काही नाही बदललं. तो घरून आला. बाकी सगळं वाट पाहण्यातलं हाय.”

माझ्या कोणत्याही सॉफ्टवेअरने हे सांगितले नसते. काय ताणले, हे मोजता येते. काय ताणलेच नाही आणि का, हे पाहावे लागते.

तिथेच पायरीवर तिने परिच्छेद लिहिला : ‘हात चेहऱ्याच्या सुमारे दीडपट लांब आहे, प्रत्यक्षात दोन्ही जवळपास समान असतात. बोटे खाली ओढली गेल्याने हातांना असह्य वजन येते. दाराची उभी चौकट बाईच्या दिशेने झुकते, जमीन प्रेक्षकाकडे चढते, त्वचेच्या सावलीत हिरवा येतो. डब्याचे प्रमाण मात्र नेहमीचे आहे. म्हणून ही कौशल्याची उणीव नसून निवड आहे : वाट पाहण्याचा ताण ज्या वस्तूंत आहे, त्यांचेच आकार बदलतात.’

‘चित्रकाराच्या मनातील वेदना’ तिने खोडली. चित्रकाराच्या मनात काय होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. चित्र काय करते, एवढे ठाऊक होते. १.६ ऐवजी ‘सुमारे दीडपट’ हाही तिचाच निर्णय. तैलरंगाच्या कडा पुसट असतात, असे तिचे म्हणणे. मी दशांश चिन्ह जाऊ दिले. त्रास झाला.

निबंध पावणेपाचला जमा झाला.

सोमवारी देशकर सर माझ्या टेबलाशी आले. “मी तिथे पट्टी हवेत धरून उभा होतो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तुम्हीही हात मोजायला आलात का?”

“आणि मोजलेत?”

“दीडपट आहे.” त्यांनी निबंध ठेवला. वीसपैकी चौदा. ‘असह्य’भोवती पेन्सिलचे वर्तुळ होते. शेजारी लिहिले होते, ‘किती?’

शीतलने वार्षिक परीक्षेचा अर्ज त्याच दुपारी भरला.

लेखनकक्षात आता नियम आहे : चित्रातले विरूपण मोजण्याआधी फोटोतले मोजा. नमुना म्हणून जिन्यावरचा फोटो भिंतीला लावला आहे. त्याखाली मी नोंदवलेला शेवटचा आकडा आहे. फ्रेमची वरची कड भागिले खालची कड : १.००.