डावं टेबल, उजवं टेबल

ऑफिसात तिला सगळे तराजूताई म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिलाही ते आवडे. लॅपटॉप तपासून त्यांची परीक्षणं लिहायची हे तिचं काम, आणि त्या कामात ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. एका कंपनीने एकदा परीक्षणासाठी पाठवलेल्या लॅपटॉपसोबत भारी पेनांचा डबा पाठवला, तर बाईंनी तो पोचपावती मागून परत पाठवला. वर चिठ्ठी जोडली, 'पेनं आहेत आमच्याकडे.'

तिची पद्धत साधी होती. दोन लॅपटॉप, दोन टेबलं. दोन्हींवर तीच व्हिडिओ फाइल, तेच सॉफ्टवेअर, दोन्ही चार्जरला जोडलेले. पडद्याचा उजेड डोळ्यांच्या अंदाजाने लावायचा नाही, मीटर धरून सारखा करायचा. प्रत्येक चाचणी तीनदा घ्यायची आणि मधला आकडा धरायचा. गुण कशाला किती, हे खोकी उघडायच्या आधीच कागदावर लिहून सही करायची, म्हणजे पुढे मन एखाद्याकडे झुकलं तरी हात झुकायला नको. आणि शेवटचा नियम असा की आधीचा विजेता डाव्या टेबलावर राहणार, नवा लॅपटॉप उजव्या टेबलावर येणार. उगाच हलवाहलव कशाला!

त्या दिवशी उजवीकडे होता एका छोट्या कंपनीचा लॅपटॉप. दोघे भाऊ मिळून ती कंपनी चालवत. गेल्या वर्षीही त्यांचा लॅपटॉप याच टेबलावर येऊन हरला होता, आणि तराजूताईने लिहिलं होतं, 'दिसायला देखणा, वजनाला हलका, पण जास्त वेळ काम दिलं की तापतो आणि मंदावतो.' यंदाही तेच चित्र होतं. डावीकडच्या विजेत्याने व्हिडिओ नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत तयार केला होता आणि उजवीकडच्याला दहा अठ्ठावीस लागली होती. शिवाय यंदा तो चारशे ग्रॅमने जड झाला होता. पाच वाजता परीक्षण संकेतस्थळावर जायचं होतं. मथळासुद्धा ठरला होता, 'पुन्हा तोच विजेता'.

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे बाबा बसले होते. संध्याकाळी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. बाबांची सगळी नोकरी वजनमाप खात्यात गेलेली. दुकानदार त्यांना दुरून येताना पाहून काटे पुसायला लागत. मुलीचं काम ते आज पहिल्यांदाच बघत होते आणि मनातून फुलून गेले होते, पण दाखवतील तर शपथ.

"सगळं सारखं करतेस, चांगलं आहे," ते म्हणाले. "पारडी बदलून पाहिलीस का?"

"कसली पारडी, बाबा?"

"अगं, आम्ही काटा तपासायचो तेव्हा इकडचं तिकडे करायचो. माल उजव्या पारड्यात, वजन डाव्यात. तरी काटा डावीकडेच झुकला, तर दोष मालात नाही, तराजूत."

ती हसली. बाबांचं मन मोडायला नको आणि अजून अडीच तास हातात आहेत, एवढ्याच कारणाने तिने लॅपटॉप उचलून टेबलं बदलली. दोन्ही थंड होईपर्यंत थांबली आणि चाचण्या पुन्हा लावल्या. हरलेल्या लॅपटॉपने नऊ बत्तीस घेतली. विजेत्याने दहा पस्तीस.

तराजूताईने आकडे तीनदा वाचले. मग चाचण्या पुन्हा घेतल्या. दोनचार सेकंद इकडेतिकडे झाले, बाकी तेच.

भिंतीवरचा तापमापक तिने खिळ्यावरून काढला. तो डाव्या टेबलाच्या वर असायचा आणि कायम चोवीस दाखवायचा. उजव्या टेबलावर ठेवून ती उभी राहिली. पारा हळूहळू चढत एकतिसावर गेला. तिने मान वर केली. तीन वर्षांपूर्वी ऑफिस नव्याने सजवलं तेव्हा एसी हलवला होता, आणि आता त्याचा झोत नेमका डाव्या टेबलावर पडत होता. उजव्या टेबलामागच्या पातळ फळीपलीकडे इंटरनेटच्या यंत्रांचं कपाट रात्रंदिवस गरम हवा ओकत होतं. तीन वर्षं ती या दोन टेबलांमधून रोज येत-जात होती. थंडी वाजते म्हणून डावीकडे काम करताना शालही घ्यायची. आणि कळलं नाही!



तिने तीन वर्षांची वही काढली. एकतीस तुलना, त्यात सव्वीस वेळा डावं टेबल जिंकलेलं. आणि जिंकलेला डावीकडेच राहायचा या तिच्याच नियमामुळे तो पुढच्या वेळीही जिंकायचा. डोळ्यांत तेल घालून सांभाळलेल्या नियमानेच घात केला होता.

संपादक आले. "झालं का? पाच वाजता लावायचंय."

"नाही लावायचं. माझं टेबल खोटं आहे."

"म्हणजे?"

तिने वही पुढे केली. संपादक वाचत गेले. "हे बाहेर सांगायचं? आपली अब्रू काय राहील?"

"सांगायचं. मी लिहिते, माझ्या नावाने."

पण तिला खरी भीती वेगळीच वाटत होती. भावांचा गेल्या वर्षीचा लॅपटॉप ऑफिसने विकत घेतला होता आणि मुद्रितशोधक बाई त्याच्यावर काम करायच्या. तराजूताईने तो मागून आणला आणि डाव्या टेबलावर ठेवला. नऊ छत्तीस. तीनदा चालवला, मधला आकडा नऊ छत्तीसच. विजेत्यापेक्षा चार सेकंद कमी, आणि यंदाच्यापेक्षा चारशे ग्रॅमने हलका. म्हणजे त्या लॅपटॉपात खोट नव्हतीच.

तिने मोठ्या भावाला फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"ताई, म्हणजे मोठा पंखा नको होता?"

"नको होता."

"तुम्ही लिहिलंत तापतो, म्हणून वर्षभर तेच केलं हो आम्ही. पंखा मोठा केला, तांब्याची नळी जाड केली, त्यात वजन वाढलं. धाकटा म्हणत होता, दादा, मी दहा वेळा तपासलंय, मशीन ठीक आहे. मी त्याला चारचौघांत बोललो. म्हटलं, तुझ्यापेक्षा तराजूताईंना जास्त कळतं, त्या खोटं लिहिणार नाहीत. तो उठून गेला. आठ महिने झाले, माझा फोन घेत नाही."

तराजूताईने टेबलाची कड घट्ट धरली. खोटं तर तिने कधीच लिहिलं नव्हतं. हे त्याला सांगावं असं क्षणभर वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

"धाकट्यांचा नंबर द्या," ती म्हणाली.

तिने तो वहीत त्या सव्वीस नोंदींच्या खाली लिहून घेतला. बाबा काठी टेकत शेजारी येऊन उभे राहिले होते. डॉक्टरची वेळ टळून गेली होती. तिने नंबर लावला. तिसऱ्या घंटीला धाकट्याने फोन उचलला.

"नमस्कार," ती म्हणाली. "गेल्या वर्षी तुमचा लॅपटॉप मी तपासला होता. तुमचं बरोबर होतं."