एक ओळ वर

भंडाऱ्याजवळचं कारधा गाव ओलांडून वैनगंगेच्या काठाकाठानं पुढं गेलं की एक आरोग्य केंद्र लागतं. चंद्रकांता तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा तिचा धाकटा अंगणवाडीत होता. आता तो कॉलेजात जात होता, आणि ती अजून कंत्राटावरच होती. नवरा घनश्याम वरठीच्या कारखान्यात. तो पहाटे मोटरसायकल काढून निघून जाई, मग चंद्रकांता सगळं आवरून केंद्रात पोचे आणि संध्याकाळपर्यंत रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये चढवत बसे.

पगार म्हणावा असा नव्हता, पण मान होता. केंद्राखालच्या सगळ्या गावांतल्या गरोदर बायांची यादी तिच्या हातून जात असे. प्रत्येकीचं रक्त तपासून आलं की चंद्रकांता कागदावर पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकायची. हिमोग्लोबिन सातच्या खाली दिसलं की लाल पेनानं नावाला गोल करायची. त्या बायांकडे आशाताईंनी तातडीनं जायचं, त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असा नियम होता. या कामाला तिचा अख्खा दिवस जाई. डॉक्टर मॅडम मीटिंगमध्ये म्हणायच्या, चंद्रकांताताईंची नजर आहे म्हणून आपलं चाललंय. ते वाक्य ती घरी येऊन घनश्यामला सांगायची. तो जेवता जेवता मान हलवायचा.

मग खुशबू आली.

केंद्रातली दुसरी ऑपरेटर, जवाहरनगरची. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत, मुलगी बीसीए झालेली. पहिल्याच आठवड्यात तिनं चंद्रकांताची यादी एक्सेलमध्ये नीट मांडली आणि असं काही केलं की हिमोग्लोबिन सातच्या खाली असलं तर पूर्ण ओळ आपोआप लाल व्हावी. डॉक्टर मॅडम तिच्या खुर्चीमागं उभ्या राहून बघत होत्या. खुशबूनं एंटर दाबलं आणि पडद्यावर नऊ ओळी एकदम लाल झाल्या. सातच्या खालच्या बाया किती, ते तिनं वेगळं मोजून दाखवलं. तिकडेही नऊच आल्या.

"चंद्रकांताताई," मॅडम हसून म्हणाल्या, "आता तुमच्या डोळ्यांना आराम."

त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. चंद्रकांताच्या मनाला ते असं लागलं की दुपारचा डबा तिनं उघडलाच नाही.

त्या दिवसापासून खुशबूचं सगळंच तिच्या डोळ्यात सलू लागलं. तिचं न बघता टायपिंग करणं, दोन्ही हातांनी. मॅडमशी बोलताना खुर्चीत तसंच बसून राहणं. आशाताई आधी आल्या की चंद्रकांताच्या टेबलाशी थांबत, घरचं-दारचं बोलत, मग यादी घेत. आता त्या सरळ खुशबूकडे जात आणि छापलेला कागद घेऊन निघत. यादी एका पानात मावावी म्हणून खुशबूनं त्यात फक्त लाल ओळींची नावं, गाव आणि फोन नंबर ठेवले होते. आकड्यांचा रकाना काढून टाकला होता. तेही सगळ्यांना आवडलं. किती सुटसुटीत झालं, असं नर्सबाईसुद्धा म्हणाल्या.

घनश्यामला तिनं एकदा सांगायला घेतलं. तो म्हणाला, "चांगलंच झालं ना मग. तुह्या मानेचं दुखणं तं थांबन." तेव्हापासून तिनं घरी बोलणं सोडलं. खुशबू रोज संध्याकाळी निघताना "येते ताई" म्हणायची, आणि चंद्रकांता मान वर न करता हूं म्हणायची. या पोरीची कुठंतरी फजिती व्हावी, सगळ्यांसमोर व्हावी, असं तिला वाटायचं. देवापुढं दिवा लावतानाही वाटायचं, आणि मग ती दुसरीकडं लक्ष वळवायची.

एका सोमवारी उषाबाई आली. ती नदीकाठच्या दोन गावांची आशा, जुनी, चालून चालून टाचा भेगाळलेली. खुशबू त्या वेळी जेवायला गेली होती, म्हणून उषाबाई चंद्रकांताच्या टेबलाशी थांबली. कुरकुरतच बोलली, की ज्या बाईला लाल म्हणून कागदावर दिलं, ती तर शेतात निंदण करून राहिली होती, गाल कसे टरटरीत. दुसरीच्या घरी गेले तर तीही ठणठणीत. उन्हातून उगाच पायपीट. एवढं बोलून ती पाणी पिऊन गेली.

चंद्रकांतानं खुशबूची शीट उघडली. उषाबाईनं सांगितलेलं नाव लालच होतं. पण त्या ओळीच्या शेवटी आकडा होता अकरा पॉइंट चार. चंद्रकांता पडद्याजवळ वाकली. त्याच्या खालची ओळ पांढरी होती. नाव रक्षा, आठवा महिना, आणि आकडा सहा पॉइंट एक.

तिनं पुढची लाल ओळ बघितली. तिथंही आकडा चांगला, आणि खालच्या पांढऱ्या ओळीत साडेसहा. नऊच्या नऊ ठिकाणी तेच. लाल रंग खऱ्या ओळीच्या एक ओळ वर बसत होता. मोजणी बरोबर येत होती, म्हणून कुणाला शंका आली नव्हती, आणि छापलेल्या कागदावर आकडेच नव्हते. असं का झालं हे चंद्रकांताला कळलं नाही. चुकलं आहे आणि खुशबूचं चुकलं आहे, एवढं कळलं, आणि तिच्या अंगातून एक गोड शिरशिरी गेली.

खुशबू डबा धुऊन आली. चंद्रकांतानं शीट बंद केली.

गुरुवारी महिन्याची मीटिंग होती. तालुक्याचे साहेब येणार होते, सगळ्या आशा, सगळ्या नर्सा येणार होत्या. तिथं उठायचं आणि शांतपणे म्हणायचं, मॅडम, एक बघता का जरा. चंद्रकांतानं ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवून गुळगुळीत केलं. खालच्या ओळीतल्या बाया मधूनच आठवायच्या. तेव्हा ती स्वतःला समजावायची, इतके दिवस गेले तर अजून तीन दिवसांनी काय होणार आहे. मंगळवारी ती खुशबूशी कधी नव्हे ते गोड बोलली. खुशबूला इतकं बरं वाटलं की तिनं स्वतःच्या डब्यातली वांग्याची भाजी तिला वाढली, आणि चंद्रकांतानं ती खाल्ली.

बुधवारी तपासणीला बायांची रांग होती. चंद्रकांता खुर्चीत बसून दारातून बघत होती. एक बारकीशी पोरगी पायरीवर टेकली होती, तोंडानं श्वास घेत. पोट पुढं आलेलं, ओठ राखेसारखे. सोबतची म्हातारी सासू तिला पदरानं वारा घालत होती. नर्सबाईंनी नाव विचारलं. पोरगी म्हणाली, "रक्षा." नर्सबाईंनी भिंतीवरचा लाल ओळींचा कागद वरपासून खालपर्यंत बघितला. त्यात ते नाव नव्हतं.

"तुहा रिपोर्ट ठीकच दिसते," नर्सबाई म्हणाल्या. आज गर्दी आहे, लोहाच्या गोळ्या घेऊन जा, पुढच्या आठवड्यात ये, असं सांगून त्यांनी पुढचीला बोलावलं.

म्हातारीनं सुनेला उठवायला हात दिला. पोरगी अर्धी उठली आणि परत बसली.

चंद्रकांता खुर्चीतून कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. गुरुवारसाठी घोळवलेलं वाक्य वगैरे काही आठवलं नाही. ती रांगेतून वाट काढत गेली, पोरीच्या काखेत हात घातला आणि तिला धरून थेट डॉक्टर मॅडमच्या खोलीत नेलं.

"मॅडम, हिचं सहा पॉइंट एक आहे," ती म्हणाली. "कागद चुकीचा आहे. सगळाच चुकीचा आहे."

मॅडमनी पोरीच्या पापण्या ओढून बघितल्या, नाडी धरली आणि गाडी बोलावली. रक्षाला भंडाऱ्याला पाठवलं, तिथं तिला रक्त चढवलं. गाडी गेल्यावर मॅडम बाहेर आल्या तेव्हा खुशबू कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि शेजारी चंद्रकांता एकेका ओळीवर बोट ठेवून दाखवत होती. खुशबूचा चेहरा उतरत गेला. पण तिनं सबब सांगितली नाही. ओळ लाल करणारा शीटमधला नियम उघडला, क्षणभर बघितला आणि तिच्या लक्षात आलं.

"मी पूर्ण रकाने निवडले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे याची सुरुवात पहिल्या ओळीपासून होते, जिथं मथळे आहेत. आणि मी फॉर्म्युल्यात दुसऱ्या ओळीचा आकडा दिला, कारण नावं तिथून सुरू होतात. म्हणून पहिली ओळ दुसरीचा आकडा बघून राहिली, दुसरी तिसरीचा. प्रत्येक ओळ आपल्या खालचीचा."

तिनं जुना नियम काढून टाकला, मथळा सोडून दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंतच निवड केली आणि तोच फॉर्म्युला पुन्हा लिहिला. लाल पट्टे एकेक ओळ खाली सरकले. सहा पॉइंट एक लाल झालं, अकरा पॉइंट चार पांढरं. प्रत्येक आकडा दोघींनी ताडून बघितला. मग उरलेल्या बायांना फोन सुरू झाले. त्याच दुपारी गोळ्यांसाठी आलेली उषाबाई दारात उभी राहून ऐकत होती.

"मी तं सोमवारीच ताईले सांगतलं होतं," ती सहज बोलून गेली. "म्हनलं, ह्या बाया धडधाकट आहेत."

मॅडमनी चंद्रकांताकडं बघितलं, मग नजर काढून घेतली. खुशबूनंही बघितलं. तिच्या हातात फोन होता, पलीकडून कुणी हॅलो हॅलो करत होतं. तिनं फोन कानाला लावला आणि बोलू लागली.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये खुशबू स्वतः उठली. चूक कशी झाली, कुणाकुणाला उशीर झाला, यापुढं कागदावर आकडा छापल्याशिवाय कागद बाहेर जाणार नाही, सगळं तिनं सांगितलं. चंद्रकांताताईंमुळं लक्षात आलं, असंही सांगितलं. सोमवारचं नाव काढलं नाही. साहेबांनी तिच्या खरेपणाचं कौतुक केलं. मागच्या रांगेत बसलेल्या चंद्रकांताला वाटलं, या पोरीला चूकसुद्धा शोभून दिसते, आणि आपल्याला शहाणपणसुद्धा शोभत नाही. आपण तिच्यावर अजून जळतो आहोत, हे तिला स्पष्ट दिसलं, आणि त्याची लाजही वाटली.

उरलेल्या आठही बाया सापडल्या. रक्षाला दिवस भरून मुलगी झाली. बारशाला तिच्या सासूनं, मंगलाबाईनं, दोघींनाही बोलावलं. चंद्रकांताला पाटावर बसवून हळदीकुंकू लावलं, साडी दिली. म्हातारी चार बायांना सांगत होती, की या बाईनं माह्या सुनेले हाताले धरून उठवलं नसतं तं आज हा पाळणा कायचा. खुशबू कोपऱ्यात बसून बाळाचं टोपडं सरळ करत होती.

परत येताना खुशबूच्या स्कुटीवर चंद्रकांता मागं बसली. साडीची घडी मांडीवर होती. पुलाच्या अलीकडं तिनं विचारलं, "तू काहून नाई सांगतलं, मी दोन दिवस गप होती म्हणून?"

खुशबूनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "माह्या चुकीपायी नऊ बाया राहिल्या होत्या ताई. मले तुमच्यावर बोट ठेवायले तोंड नोयतं." आणि पुढं म्हणाली, "राग आला होता पण. खूप आला होता. त्या भाजीचा जास्त."

समोरून ट्रक येत होता, खुशबूनं गाडी कडेला घेतली. तो गेल्यावर चंद्रकांता म्हणाली, "उद्या तो नियम मले शिकव." खुशबूनं मान हलवली, आणि गाडी पुलावर चढली.