माझी हडळ

गोष्ट सांगताना तोंड वेडंवाकडं करण्यात ढोकीच्या अख्ख्या शिवारात माझा हात धरणारा कुणी नाही, असा माझा समज होता. माझी हडळ तर खासच. वरचा ओठ ओढून नाकाला लावायचा आणि नाकातून बोलायचं. चार वर्षांची लेक किंचाळून हसायची, मला आणखी चेव यायचा.

एका दुपारी तिला आणायला गेलो, तर अंगणवाडीच्या ताईंनी मला बाजूला घेतलं. नवीन आलेल्या एका मुलीचा ओठ जन्मतः दुभंगलेला, टाके घालून जोडलेला होता. माझ्या लेकीनं तिचा हात झिडकारला होता आणि सगळ्यांना बजावलं होतं, "हिच्याजवळ बसू नगा, ही हडळ हाय." ती पोरगी दोन दिवस आली नव्हती.



घरी येऊन मी लेकीला समोर बसवलं. "ती लई सुंदर आहे. म्हण."

"न्हाय. खोटं बोलताव तुम्ही, पप्पा."

मग दरडावलं, मग बिस्किटपुड्याचं आमिष दाखवलं. तिनं पुडा घेतला आणि म्हणाली, "तिच्यामुळं तुम्ही मला रागावलाव. मी तिच्याशी कधीच खेळणार न्हाय." म्हणजे होतं त्यापेक्षा मी बिघडवलंच.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ताईंपुढं हडळीसकट सगळं कबूल केलं. त्या हसल्या नाहीत.

"दादा, तान्ही लेकरंसुद्धा देखण्या चेहऱ्याकडं जास्त येळ बघत्यात. तुमची लेक पयल्या दिवसापासून वर्गातल्या एका गोऱ्या, टपोऱ्या डोळ्याच्या पोरीलाच चिकटून बसती. या वयात देखणं ते चांगलं, असंच वाटतं त्यांना. पोर वाईट न्हाय. पर त्याला तुम्ही खतपाणी घातलंत."

"आता काय करू?"

"रागावू नका, खोटंही बोलू नका. ओठ तसा का, इचारलं तर सरळ सांगा. दुखत न्हाय, दुसऱ्याला लागत न्हाय, म्हणा. आन् माणसाच्या दिसण्यावर घरात बोलणं कमी करा. कोण काय करतं, ते बोला. बाकी, सवयीनं चेहरा आपला वाटाय लागतो."

पोळा जवळ आला होता. ताई स्वतः जाऊन त्या पोरीला घेऊन आल्या आणि तिला नि माझ्या लेकीला मिळून मातीचा एकच गोळा दिला. एकीनं बैलाचं धड करायचं, दुसरीनं शिंगं. मी खिडकीशी उभा.

"दादा, डोकावू नका, पोरं बिथरत्यात!"

मी खाली वाकलो, तरी बघतच होतो. लेकीनं आधी अंग चोरलं. मग धडाला लावलेलं शिंग गळून पडलं, लेकीनं लावलं, पुन्हा पडलं. ती पोरगी हळूच म्हणाली, "थोडं पाणी लाव." शिंग बसलं.

सुट्टी झाली. पोरगी आईचा पदर धरून दारात उभी. उद्या ती येईल का, हे विचारायची माझी छाती होईना. तेवढ्यात लेक मातीच्या हातांनी मागं धावली.

"ए, उद्या ये. दुसरं शिंग ऱ्हायलंय."

पोरगी आईकडं बघत राहिली.