सावळ्याच्या पाच घंटा

साखरशेत गावातून जव्हारला शिकायला गेलो ते आम्ही दोघंच, मी आणि सावळा. गणितात मी पुढे, हे सगळा गाव जाणत होता. सावळा बोटांवर मोजत हिशेब करणारा. तरी मास्तर झाला तो. आजही कुणी त्याला ‘गुरुजी’ म्हटलं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला सांगू?

मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मास्तराची एकच जागा होती. गणिताच्या पेपरात ज्याचे गुण जास्त, त्याला ती मिळणार होती. पेपर पंचाहत्तर गुणांचा, वेळ तीन तास. आमच्याकडे घड्याळ कुठलं? दर अर्ध्या तासाला शिपाई घंटा देई, तेवढाच आधार.

आदल्या दिवशी सावळा म्हणाला, “अनंता, सहा घंटा होतील. शेवटचा अर्धा तास तपासायला ठेवायचा. उरली दीडशे मिनिटं. म्हणजे एका गुणाला दोन मिनिटं, आणि एका घंटेला पंधरा गुण. घंटा झाली की तेवढं उरकलेलं पाहिजे. नसलं तर सोडून पुढं जायचं.”

मी हसलो. “अर्धवट गणित सोडायचं? ज्याला येत नाही, त्याचे असले धंदे.”

पेपर हातात आला. पहिला प्रश्न पंधरा गुणांचा, तो पहिल्या घंटेला संपला. दुसरा दहा गुणांचा, म्हणजे वीस मिनिटांचा. शेताच्या मोजणीचं गणित होतं, आणि उत्तर काही केल्या जुळेना. मी पुसलं, पुन्हा मांडलं. मला येत नाही असं गणित असूच कसं शकतं? दुसरी घंटा झाली, तिसरी झाली. पलीकडे सावळा खाली मान घालून पानं उलटत होता, आणि त्याचा मला असा राग आला की विचारू नका. चौथ्या घंटेला माझं उत्तर जुळलं. राहिला एक तास, आणि गुण उरलेले पन्नास! धावतपळत तीस गुणांचं लिहिलं. शेवटचे दोन प्रश्न, वीस गुणांचे, कोरे राहिले. त्यात पंधरा गुणांचं त्रैराशिक होतं. ते मी सावळ्यालाच शिकवलं होतं.

सावळा पाचव्या घंटेला शेवटच्या प्रश्नातून मोकळा झाला आणि उरलेल्या अर्ध्या तासात त्याला दोन चुका सापडल्या.

त्याला अठ्ठावन्न गुण मिळाले, मला एकोणपन्नास. दुसऱ्या प्रश्नात मला दहापैकी दहा होते. त्याने तो अर्ध्यावर सोडलेला, त्याला चारच.

मोखाड्याला निघायच्या दिवशी तो बोचकं घेऊन माझ्या ओटीवर येऊन बसला.

“ते दुसरं गणित पुरं कसं होतं, सांग रं. पोरांनी विचारलं तर?”

हाकलून द्यावं असं वाटलं. पण ते गणित येतं हे दाखवायला माझ्याकडे दुसरं माणूस नव्हतं. मी ओटीवर कोळशाने मांडून दाखवलं. त्याला एका दमात समजलं. तेही मला सहन झालं नाही.