मंडळासमोरची बोटं

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी कारकून होतो. तिथे पहूर गावचे एक कामगार मशीनवर होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा नोकरीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पेन्शनला दहा वर्षं लागतात असं सगळेच म्हणत, म्हणून ते राजीनामा लिहून घ्यायला माझ्याकडे आले. मी आधी भविष्य निर्वाह निधी कार्यालयात विचारलं.

"दहा वर्षांची अट म्हातारपणच्या पेन्शनला," तिथले साहेब म्हणाले. "नोकरीत असताना कायमचं, पूर्ण अपंगत्व आलं, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. पण खासगी डॉक्टरचा दाखला पुरणार नाही. वैद्यकीय मंडळानं तपासायला हवं."

तपासणीला त्यांची बायको आणि मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी समोर हात धरला. "किती बोटं?"

"तीन," भाऊ झटकन म्हणाले.

बोटं खरंच तीन होती. आता यांना दिसतं असंच डॉक्टर लिहितील, असं मला वाटलं. गेलं वर्षभर मिलमध्ये ते असंच अंदाजानं निभावत होते, कुणाला कळू नये म्हणून.

बायकोनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आता कोणापासून लपवता? खरं सांगा ना."

भाऊ मान खाली घालून म्हणाले, "मले काहीच दिसत नाही, साहेब."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि यंत्रावर पुढची तपासणी केली. मंडळाचा दाखला मिळाला. काही महिन्यांनी पेन्शन मंजूर झाली, तीही अपंगत्वाच्या दुसऱ्या दिवसापासून धरून.