स्वतःलाच बाहेर काढलं

कोल्हापुरातल्या एका दूध संघाच्या कचेरीत प्रसेनजीत सर्व्हर सांभाळायच्या कामाला होता. कुरुंदवाडचं पोर, डिप्लोमा करून आलेलं, नोकरीला अजून वर्ष व्हायचं होतं. संघाचं एक काम त्याला मनापासून आवडायचं. गावोगावच्या गवळ्यांचे आजारी जनावरांसाठी फोन यायचे, संयोगिता आणि तिची जोडीदारीण ते संगणकात नोंदवायच्या, आणि नोंद झाली की त्या भागातल्या डॉक्टरच्या मोबाईलवर निरोप जायचा. हा सगळा कारभार चालायचा दूर मुंबईला भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर.

त्या सकाळी रस्त्याच्या खोदकामात कचेरीची इंटरनेटची केबल तुटली आणि राखीव लाईन आपोआप चालू झाली. कुणाला कळलंसुद्धा नाही. प्रसेनजीत रोजच्यासारखा सर्व्हरची नोंदवही तपासत बसला, आणि त्याचे डोळेच विस्फारले. इंटरनेटच्या एकाच आकडी पत्त्यावरून कुणीतरी सारखा चुकीचा पासवर्ड मारत होतं. एकदा झालं की पुन्हा, थांबायचं नाव नाही.

"हल्ला करतंय कोण तरी!" तो ओरडला.

विजयसिंह सर, म्हणजे त्याचे साहेब, गारगोटीला दूध शीतकरण केंद्राच्या कार्यक्रमाला गेले होते. कुणाला विचारायचं? त्यानं तो आकडी पत्ता उचलला आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या राखणदारात, सगळ्यात वर नियम घातला: या पत्त्यावरून येणारं काहीही आत घेऊ नको. एंटर दाबलं.

पडदा जागीच गोठला. पुढचं अक्षर उमटेना.

त्याला वाटलं, आली काय हल्लेखोराची चाल. इतक्यात पलीकडून संयोगिता म्हणाली, "प्रसेन, माझं बंद पडलंय रे. कोडोलीची बायडाबाई फोनवर हाय, म्हशीचं वेत अडलंय म्हणतीया. नोंद जात न्हाय!"

"थांबा जरा, बघतो!"

बघण्यासारखं काहीच त्याच्या हातात नव्हतं. संयोगितानं मग कागदावर लिहून घेतलं आणि डॉक्टरला थेट फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा उचलला नाही, मग लागला. डॉक्टर भलत्याच गावात होते. निघतो म्हणाले.

"पर माझ्या मोबाईलवर तर उघडतंय की," संयोगिता फोन समोर धरत म्हणाली. तिनं कचेरीचं वायफाय बंद करून स्वतःच्या मोबाईल नेटवर ते पान उघडलं होतं.

प्रसेनजीतनं तिचा फोन हातात घेऊन पाहिलं. सर्व्हर जिवंत होता. मग बंद कोणासाठी होता? त्यानं 'माझा पत्ता काय' म्हणून शोधलं. आकडे समोर आले, आणि ते तेच होते. जो पत्ता त्यानं अडवला, तो त्याच्याच कचेरीच्या राखीव लाईनीचा होता.

आणि कळायला काय एवढं अवघड होतं! सर्व्हरच्या मागच्या दारानं लॉगिन करायला कचेरीच्या दोनच पत्त्यांना परवानगी होती, पहिल्या लाईनीच्या आणि राखीव. परका तिथवर पोचणारच कसा? स्वतःच्या कानाखाली ओढावी असं त्याला वाटलं.

पण आधी माणसांचं काम. मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करून त्यानं नोंदी घेणाऱ्या दोन्ही टेबलांचे संगणक त्याला जोडले. नोंदी चालू झाल्या. बाकीची कचेरी मात्र तशीच अडकली होती, आणि तो नियम काढायला त्याला आत जायचं होतं. मोबाईलवरून मागचं दार उघडत नव्हतं, तो पत्ता परवानगीचा नव्हता. पहिली लाईन तुटलेली. उरला एकच मार्ग: सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा कन्सोल. तो म्हणजे सर्व्हरला थेट पडदा आणि कीबोर्ड जोडल्यासारखा असतो, फायरवॉल मधे येत नाही. पासवर्ड होता त्याच्याकडं. पण ओटीपी जायचा विजयसिंह सरांच्या मोबाईलवर, आणि फक्त तिथंच.

नोकरीला लागला त्याच महिन्यात त्यानं सांगितलं होतं, "सर, माझा पण नंबर घाला की त्यात." सर हसले होते. "नव्या माणसाच्या हातात तिजोरीची किल्ली देत्यात व्हय?"

सर फोन उचलेनात. कंपनीच्या मदत कक्षानं सांगितलं, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही. त्यांचं बरोबरच होतं. शेवटी त्यानं सरांचा ड्रायव्हर जोतीराम याला गाठलं. "जोतीरामदादा, पाया पडतो, सरांच्या हातात फोन द्या."

मागं भाषणाचा कर्णा वाजत होता. सगळं ऐकून विजयसिंह सर म्हणाले, "स्वतःलाच बाहेर काढलंस? शाबास! आणि ओटीपी फोनवर सांगायचा नसतो, एवढं पण ठाऊक न्हाय?"

प्रसेनजीतच्या डोक्यात सणक गेली. "सर, चूक माझी हाय, दहांदा म्हणतो. पर ही किल्ली तुमच्या खिशात न्हेऊन तुम्ही गारगोटीला हार घालून घेताय, आणि हितं सगळी कचेरी थांबलीया! तुम्हीच खात्री करा मी कोण हाय त्याची, आणि वाचा आकडा!"

  मग सरांनी आकडा वाचला, पण तोवर त्याची मुदत संपली होती. पुन्हा मागवला, पुन्हा वाचला.

कन्सोलचा काळा पडदा उघडला. प्रसेनजीतनं आपल्या नावानं लॉगिन केलं, नियमांची यादी क्रमांकासह काढली, सगळ्यात वरचा आपला नियम पुसला. कचेरीभर संगणक धडाधड चालू झाले.

तरी तो उठला नाही. नोंदवहीत चुकीचे पासवर्ड परत पडायला लागले होते. कचेरीच्या राऊटरमध्ये पाहिलं, की सर्व्हरकडं हे कोणतं यंत्र जातंय. विजयसिंह सरांच्या केबिनमधला संगणक. सरांनी आदल्या दिवशी अहवालाच्या खात्याचा पासवर्ड बदलला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्याच संगणकातला अहवाल ओढणारा प्रोग्रॅम बिचारा जुना पासवर्ड मारत बसला होता.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. बायडाबाईची म्हैस वाचली, रेडकू गेलं. "आधीच पोटात गेलं असावं," ते म्हणाले, "पर खात्रीनं न्हाय सांगता येत." ते 'खात्रीनं न्हाय' प्रसेनजीतला गिळता येईना. त्यानं स्वतः कोडोलीला फोन लावला आणि आपल्यामुळं नोंद अडली होती असं सांगितलं.

 बायडाबाई म्हणाली, "म्हस उभी ऱ्हायलीया, तेवढं बास झालं. पर तुमच्या यंत्रापायी मुकं जनावर तिष्ठत ऱ्हातंय हे बरं न्हवं, पोरा." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सर आले ते थेट व्यवस्थापक अनुजा मॅडमच्या खोलीत. दार उघडंच होतं. "पोरानं घरात बसून घराला कुलूप लावलं," ते हसत सांगत होते.

प्रसेनजीत आत गेला. "मॅडम, लावलं मी. न तपासता लावलं. पर पासवर्ड कुणी बदलला, आणि कुणाचा संगणक दार बडवत होता, ते पण सांगायला लावा यांना."

"आवाज खाली कर," सर म्हणाले.

"करतो की. आधी तुम्ही सांगा."

सरांना सांगावं लागलं, पण अर्धंच, आणि खिडकीकडं बघत. मॅडमनी कंपनीच्या खात्यात दुसरा माणूस म्हणून प्रसेनजीतचं नाव घालायला लावलं, स्वतःच्या ओटीपीसह. तेव्हापासून तो नियम घालण्याआधी आपला पत्ता बघतो, आणि पाच मिनिटांनी नियम आपोआप उडेल अशी सोय करूनच एंटर दाबतो. नियम घातल्यावरही स्वतः आत राहिला तरच ती सोय काढून टाकतो.

विजयसिंह सर अजून चहाच्या टपरीवर ती गोष्ट सांगतात, आपला भाग गाळून. प्रसेनजीत जवळ असला की ग्लास खाली ठेवतो आणि उरलेली गोष्ट तिथल्या तिथं पुरी करतो, रागानं, नावासकट.