जॉइनिंग दोन आठवडे पुढे

इंटर्नशिपला निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर केस वाळवत बसले होते. मेल वाचला, पुन्हा वाचला, आणि मग ओल्या केसांनी जिना उतरताना अशी काही किंचाळले की खालच्या मजल्यावरच्या मुलींना वाटलं साप निघाला. दोघीतिघी झाडू घेऊनच बाहेर आल्या.

मी तेव्हा इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला होते, बीड जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात. शेवटचं सेमिस्टर कंपनीत जाऊन काढता येतं, त्याचे गुण धरले जातात. पण त्यासाठी आधी कंपनीनं घ्यायला पाहिजे. मला घेतलं होतं चाकणजवळच्या एका कंपनीनं. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या आत वायरींचं जे जाळं असतं, ते तिथं तयार होतं. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. मी त्याच संध्याकाळी होकार कळवून टाकला आणि शनिवारी घरी, उमापूरला गेले.

आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. मी पोचायच्या आधीच आप्पांनी पेढे वाटले होते. गिऱ्हाइकाला पातेलं दाखवता दाखवता ते सांगत होते, "पोरगी कंपनीत चाललीय. ट्रॅक्टरच्या वायरी करते ती कंपनी. पहिल्या सोमवारी हजर." महिन्याभरात ती तारीख गावात अशी पसरली की माझ्यापेक्षा लोकांनाच जास्त पाठ झाली.

आणि मग विद्यापीठानं परीक्षा पुढं ढकलली. निवडणुकीच्या कामाला निम्मे प्राध्यापक जाणार होते, त्यामुळं डिसेंबरात संपणारे पेपर थेट जानेवारीत गेले. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं मोबाइलवरचं नवं वेळापत्रक मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक पेपर, एकेक तारीख. माझ्या जॉइनिंगच्या सोमवारी नेमका पॉवर सिस्टिमचा पेपर. ती थांबली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आणि काय झालं देव जाणे, आम्ही दोघी हसायला लागलो. रडू यायच्या ऐवजी हसू आलं. ती म्हणे, "सकाळी कंपनीत थंब लाव, दुपारी पेपरला ये." मी म्हटलं, "हेलिकॉप्टर घेते." हसू काही थांबत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्लेसमेंटचं बघणाऱ्या सरांकडं गेले. कॉलेजातून या कंपनीनं पहिल्यांदाच कुणाला तरी घेतलं होतं, त्यामुळं सर माझ्याहून जास्त घाबरलेले.

"तारीख बदला म्हणायचं नाही," ते म्हणाले. "एकदा स्वीकारलंय आपण. पुढच्या वर्षी कंपनी आपल्या दारात उभी राहणार नाही."

"पण सर, पेपर?"

"जॉइन हो. पेपरला सुट्टी घेऊन ये."

"सर, सगळे पेपर त्या दोन आठवड्यांतच हायेत. पहिल्या दिवसापासून सुट्टीवरच राहीन मी."

हे त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरताना मला दिसलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "विचार. पण नीट विचार. आणि मला विचारून विचारलंस असं लिहू नकोस."

तो मेल लिहायला मैत्रिणीनं आणि मी अख्खी दुपार घातली. पहिला खर्डा इतका लाचार झाला होता की वाचताना मलाच माझी कीव आली. दुसऱ्यात आम्ही निवडणुकीचीच हकिगत सांगत बसलो. तिसऱ्यात मैत्रिणीनं "आपल्या मौल्यवान कंपनीच्या मौल्यवान वेळेचा" असं काहीतरी घुसडलं आणि आम्ही गादीवर लोळून हसलो. शेवटी जे उरलं ते साधं होतं. निवड मी स्वीकारलेली आहे आणि यायचं नक्की आहे. विद्यापीठानं परीक्षा पुढं नेली, सुधारित वेळापत्रक सोबत जोडलंय. शेवटचा पेपर शुक्रवारी आहे, तर त्यानंतरच्या सोमवारी हजर होऊ द्यावं, म्हणजे ठरल्या तारखेपेक्षा दोन आठवडे उशिरा. इंटर्नशिपची शेवटची तारीखही तेवढीच पुढं नेली तर माझी हरकत नाही. एचआरच्या मॅडमना पाठवला, आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचं होतं त्या मॅनेजरना प्रत लावली. 'पाठवा' हे बटण मैत्रिणीनं दाबलं. माझं बोट तिथं जातच नव्हतं.

दोन दिवस काही नाही. अभ्यासाच्या सुट्ट्या लागल्या म्हणून मी घरी आले. दर पाच मिनिटाला मोबाइल बघायचे. आई म्हणाली, "त्याला आता दृष्ट लागंल." तर फोन दुकानात गल्ल्याजवळ चार्जिंगला लावला आणि मागं न्हाणीघरात डोकं धुवायला गेले.

डोक्याला शिकेकाई चोळलेली, डोळे मिटलेले, आणि दुकानातून आप्पांचा आवाज आला. आप्पा फोनवर बोलतात ते पलीकडच्या गावाला फोनशिवाय ऐकू जाईल असं.

"हां, बोला! न्हाई, मी तिचा बाप बोलतोय. ती डोकं धुतीय."

मी चाचपडत टॉवेल शोधायला लागले.

"कंपनीतून? अरे वा! नमस्कार, नमस्कार ताई! हां, हां, दोन आठवडे. बराबर हाय. पेपर हायेत तिचे. पोरगी कुटं पळून चालली न्हाई ताई. पेपर झाले की तुमच्या दारात."

मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि तशीच धावले. मधल्या खोलीत आईवर आदळले. आई हातात परात घेऊन उभी होती, ती परात पडली, तिचा असा काही आवाज झाला की आप्पा फोनवर म्हणाले, "काय न्हाई ताई, भांड्याचं दुकान हाय आमचं."

दुकानात पोचले तर बाजाराचा दिवस. चार गिऱ्हाइकं सौदा सोडून आप्पांचं तोंड बघत उभी. आप्पा रंगात आले होते.

"आमच्याकडं बी असंच असतंय की. माल उशिरा येणार म्हणून आदी कळवलं, तर आमी काय रागावतो का? न सांगता उशीर केला तर रागावतो. पोरीनं कळवलंय ना तुम्हाला? मग!"

एक म्हातारी कळशी काखेत धरून पुढं सरकली आणि फोनच्या दिशेनं ओरडली, "लई हुशार हाय म्हणावं पोरगी!"

मी फोन ओढून घेतला. शिकेकाईचं पाणी गालावरून गल्ल्यावर ठिबकत होतं. "हॅलो, मॅडम, सॉरी, खूप सॉरी..."

पलीकडून काहीच आवाज येईना. संपलं, वाटलं. मग कळलं, एचआरच्या मॅडम हसत होत्या. आधी आवाज न करता, मग दम लागेपर्यंत.

"तुझ्या वडिलांना आमच्या पर्चेसमध्ये घ्यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. मग घसा साफ केला आणि एकदम कामाच्या सुरात आल्या. मॅनेजरशी त्यांचं बोलणं झालं होतं. मॅनेजरना चालणार होतं, कारण माझं काम ज्या टेस्टिंग लाइनवर होतं ती लाइनच महिन्याच्या मधे सुरू होणार होती. पण नुसत्या वेळापत्रकावर भागणार नव्हतं. मी त्या परीक्षेला बसतेय, असं कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र पाहिजे होतं. शिवाय शेवटची तारीख पुढं सरकली तर कॉलेजला चालेल का, हेही त्या पत्रात यायला हवं. "आणि आपलं फोनवर बोलणं झालं म्हणजे तारीख बदलली असं समजू नकोस. मेलवर नवं पत्र येईल. त्याला पुन्हा होकार दिलास की मगच पक्कं."

"हो मॅडम. हो मॅडम." मी एवढंच बोलत होते. फोन ठेवला आणि बघते तर चारही गिऱ्हाइकं, आप्पा, आई, सगळे माझ्या तोंडाकडं टक लावून.

"काय म्हणल्या?" आप्पांनी विचारलं.

"जमतंय म्हणल्या. पत्र पाठवायचंय."

दुकानात कल्ला झाला. आप्पांनी त्या म्हातारीला कळशीवर झाकणी फुकट दिली. आईनं मला हाताला धरून न्हाणीघरात परत नेलं, कारण शिकेकाई डोळ्यात उतरली होती आणि मी आंधळ्यासारखी हसत उभी होते.

सरांकडं पत्रासाठी गेले तेव्हा ते खुर्चीतून उठले. "मीच म्हटलं होतं ना, विचारून बघ!" त्यांनी चहा मागवला. विभागप्रमुखांची सही आणायला माझ्याबरोबर स्वतः आले. शेवटच्या तारखेचा प्रश्न होता, तो विभागप्रमुखांनी एका वाक्यात सोडवला. परीक्षाच पुढं गेली म्हटल्यावर पुढच्या सेमिस्टरची तोंडी परीक्षाही पुढं जाणार, तर दोन आठवड्यांनी काही अडत नाही. तसं पत्रात लिहिलं. शिक्का जरा तिरका बसला. मी पत्र तसंच स्कॅन करून लगेच पाठवलं.

नवं पत्र दुसऱ्या दिवशी दुपारी, मी हॉस्टेलवर असतानाच आलं. आधीचं पत्र रद्द, नवी तारीख अमुक, बाकी सगळं तेच. मी आणि मैत्रीण ते मोबाइलवर मोठं करून करून वाचत होतो. तारखेचा आकडा तर इतका मोठा केला की पडद्यावर दुसरं काही मावेना. होकार कळवला. या वेळी बटण मी दाबलं.

गावात मात्र सगळा घोळ झाला. पहिला सोमवार उजाडला आणि मी घरूनच पेपरला निघालेली दिसले, तर समोरची काकू विचारते, "कावून गं, न्हाई गेलीस? काडून टाकलं का काय?" तिला समजावून सांगेपर्यंत बस येऊन ठेपली. बसमध्ये आणखी दोघांनी तेच विचारलं. मी पॉवर सिस्टिमची पानं चाळत होते, आणि मान वर न करता एकेकाला सांगत होते, "दोन आठवड्यांनी, दोन आठवड्यांनी." पेपर चांगला गेला. बाकीचेही गेले. एकात बरंच सोडलं, पण पास होण्यापुरतं होतं.

कंपनीत पोचले तेव्हा माझ्याबरोबरची तुकडी दोन आठवड्यांपूर्वीच आत गेलेली. सेफ्टी ट्रेनिंग घेतल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, त्यामुळं ते माझ्या एकटीसाठी पुन्हा ठेवलं. मोठा हॉल, खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यात मी एकटी, डोक्यावर हेल्मेट, ते मान हलवली की नाकावर उतरायचं. समोरचे गृहस्थ वर्षानुवर्षं तेच बोलत आले असावेत. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "कुणाला काही शंका असेल तर हात वर करा."

मी हात वर केला. त्यांनी सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, आणि शेवटी माझ्यावर आणून म्हणाले, "हां, तुम्ही. मागच्या रांगेतल्या."